‘मी’ला ‘ने’ लागत नाही

कचेरीत तिला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. चहाच्या टपरीवरच्या पाटीवर ‘मीळेल’ लिहिलेलं दिसलं तर ती चहा नंतर घेई, आधी टपरीवाल्याकडून खडू मागून घेई. घरी नवरा म्हणायचा, “हिच्यापुढे भांडायची सोय नाही. मुद्दा राहतो बाजूला, ही आधी वाक्य दुरुस्त करते.”

तिचं काम शाळांसाठी पडद्यावरचे धडे तयार करणाऱ्या एका कचेरीत होतं. धडे लिहिणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे. हिच्याकडे यायची ती धड्याची नोंद. कचेरीतली तरुण मंडळी तिला मेटाडेटा म्हणत. नवऱ्याने पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा विचारलं होतं, “म्हणजे मिटलेला की मिटवलेला?” तेव्हा तिने स्वयंपाकघरातला एक डबा पुढे ठेवला. डब्यावर चिठ्ठी होती. “आत काय आहे ते झाकण न उघडता कळायला हवं ना? ही चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा. फरक एवढाच, की माझ्या डब्यात व्याकरण असतं.”

व्याकरणाच्या प्रत्येक धड्याच्या नोंदीत चार चौकटी असत: इयत्ता, घटक, नियम आणि उदाहरणवाक्यं. दूर कुठल्याशा वर्गातली बाई पडद्यावर इयत्ता आणि घटक निवडायची की नेमका धडा पुढे यायचा. नियम मोठ्या अक्षरात वर दिसायचा, खाली उदाहरणं. आणि मुलांनी सरावात लिहिलेली वाक्यं बरोबर की चूक, हे तपासणारा प्रोग्रॅमही त्याच नियमाच्या चौकटीवर बेतलेला होता. म्हणजे चौकटीत जे लिहिलं, ते शेकडो वर्गांमध्ये ब्रह्मवाक्य. हे काम क्लार्कचं आहे असं कचेरीत बहुतेकांना वाटे. तिला तसं कधी वाटलं नाही. तिला शिक्षिका व्हायचं होतं, घरच्या परिस्थितीने ते जमलं नाही, आणि आपण चार चौकटींमधून का होईना पण वर्गात पोचतो, याचं तिला मनापासून समाधान होतं.

त्या वर्षी तिच्या घरी भाची राहायला आली. धाकट्या बहिणीचं सासर दुसऱ्या भाषेच्या मुलखात. बहिणीला नोकरीत लांबची बदली मिळाली, तिथे धड शाळा नव्हती, म्हणून पोरगी मावशीकडे आली आणि इथल्या शाळेत सहावीत बसली. मुलगी हुशार, गणितात तर पुढे. मराठी मात्र तिने आईच्या तोंडून तुटक ऐकलेलं. बाकीची मुलं कानाने बोलत, ही नियमाने बोलायची. धड्यात नियम दिसला की तो पाठ करायचा आणि त्यात शब्द घालून वाक्य काढायचं, गणितासारखं. कानामात्राला हे फार आवडलं होतं. “माझ्या चौकटी कुणी इतक्या मनापासून वाचत असेल असं वाटलं नव्हतं,” ती नवऱ्याला म्हणाली होती.

मग एका दुपारी पोरगी शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि उशीत तोंड खुपसून बसली. मावशीने विचारलं, काकांनी विचारलं, उत्तर नाही. बोलली ती आपल्या वडिलांच्या भाषेत, फोनवर, आईशी. मावशीला त्यातलं एवढंच कळलं, की पोरीला इथे राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, पण घाईत होत्या.

“तुमची भाची मराठीत तोंडच उघडत नाही हो. महिनाअखेरीला तोंडी परीक्षा आहे. बोलली नाही तर मला तिला पाचवीत बसवावं लागेल. एक वर्ष मागे पडली तरी चालेल, भाषा तरी पक्की होईल.”

“पण झालं काय? आधी तर बोलायची.”

बाई जरा घुटमळल्या. “मुलं हसली थोडी. तिने ‘मीने चित्र काढले’ असं म्हटलं. आता मुलं तिला ‘मीने’ म्हणतात. मी रागावलेय त्यांना. पण मुलंच ती.”

कानामात्राने फोन ठेवला आणि पोरीजवळ जाऊन बसली. काही न विचारता नुसती बसली. बऱ्याच वेळाने पोरगी उठून बसली, नाक पुसलं आणि ओरडली, “मीने चूक केली नाही!”

आणि मग तिने शाळेचा टॅब काढला, धडा उघडला आणि मावशीच्या मांडीवर आदळला. इयत्ता सहावी. घटक: कर्मणी प्रयोग. नियम: ‘भूतकाळात सकर्मक क्रियापद असलेल्या वाक्यात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो. हा कर्मणी प्रयोग.’ खाली उदाहरणं: मुलाने चित्र काढले. मुलीने खिडकी उघडली. शिक्षकांनी फळा पुसला.

“मुलगाला ‘ने’. मुलगीला ‘ने’. शिक्षकला ‘नी’. मग ‘मी’ला का नाही?” पोरगी म्हणाली. “मी बाईंना विचारलं. बाई म्हणतात, असं बोलत नाहीत. का नाही? तर म्हणे, नाही बोलत, झालं! आणि हे बघ.” तिने सरावाच्या पानावर ‘मी चित्र काढले’ असं लिहिलं. लाल फुली आली. ते खोडून ‘मीने चित्र काढले’ लिहिलं. हिरवी बरोबरची खूण आली.

मावशी त्या खुणेकडे बघतच राहिली. प्रोग्रॅमचंही काही चुकलं नव्हतं, त्याला ‘ने’ शोधायला सांगितलं होतं आणि त्याला ‘ने’ सापडला. टॅबचं ऐकावं तर वर्ग हसतो, वर्गाचं ऐकावं तर टॅब फुली मारतो. पोरीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती, आणि ती विहीर मावशीच्याच कचेरीत खणलेली होती. ही नोंद तिनेच भरली होती. सभेत ठरलं होतं, सहावीला एका धड्यात एकच नियम, अपवाद सगळे नववीत. ती मान डोलावून टाईप करत गेली होती. तेव्हा ‘मी’ हा शब्द कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ‘मी’ जन्मापासून बोलता येत होता.

तिला राग आला. पोरांचा नाही, बाईंचा नाही, त्या चौकटीचाच आला.

“ऊठ,” ती पोरीला म्हणाली. “तुझा नियम चुकला नाही. आमचा चुकलाय. खरा कोणता ते आपण शोधू.”

ती उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून आली. “मी खिडकी बंद केली. म्हण.”

पोरीने म्हटलं, हळू आवाजात. मग मावशीने दार लावलं. “मी दार बंद केलं.” मग डबा उचलून झाकण दाबलं. “मी डबा बंद केला.” पोरगी बघत होती. मावशीने पंखा बंद केला, टॅब बंद केला, शेगडी बंद केली. नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, “आज घर कायमचं बंद करताय की काय?”

“थांब,” पोरगी एकदम म्हणाली. “खिडकी केली. दार केलं. डबा केला. मी तर तीच आहे. बदलते ती वस्तू. क्रियापद वस्तूचं ऐकतं.”

“वस्तूचं म्हणजे?”

“कर्माचं!”

“आणि ‘ने’?”

पोरीने विचार केला. “मुलाने खिडकी बंद केली. मुलाने डबा बंद केला. ‘ने’ असला तरी ऐकतं वस्तूचंच. ‘ने’ फक्त... बाजूला उभा आहे.”

“बरोबर. काहींच्या बाजूला उभा असतो, ‘मी’ आणि ‘आम्ही’च्या बाजूला दिसत नाही. तूच सांग आता, मुख्य नियम कोणता?”

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. “मी तोंड बंद केलं,” तो म्हणाला, आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा पोरगी हसली. हसली खरी, पण शाळेचा विषय काढताच पुन्हा गप्प झाली. “तिथे तर तोच नियम लिहिलेला आहे,” ती म्हणाली. “तुझं कोण ऐकणार?”

कानामात्राला हे फार लागलं. कारण पोरीचं म्हणणं खरं होतं.

सकाळी ती थेट संपादकसाहेबांच्या टेबलाशी गेली. साहेब व्याकरणात मुरलेले, सज्जन आणि कामाखाली दबलेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणणं बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण मंजूर झालेली नोंद आहे. इयत्ता, घटक, नियम, तिन्हीला कुलूप. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या यादीत घालू. आणि अपवाद नववीला आहेतच की.”

“साहेब, सहावीतली पोरं ‘मी’ म्हणत नाहीत का? पोरगं शाळेतून घरी येऊन पहिलं वाक्य ‘मी’नेच सुरू करतं. आणि ‘मी’ आपण ढकललाय नववीत.”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. “अहो, ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांना काही फरक पडत नाही. ती कानाने बरोबरच बोलतात.”

“मग त्यांना नियम हवाय कशाला? नियम ज्यांना कान नाही त्यांच्यासाठीच ना? आणि त्यांनाच आपण पाडतोय.”

“पुढच्या वर्षी,” साहेब म्हणाले, आणि समोरचा कागद ओढला. पुढच्या वर्षी म्हणजे पोरगी पाचवीत बसल्यावर.

एखादी बाई इथे परत फिरली असती, चार जणींजवळ साहेबांना बोल लावून मोकळी झाली असती. ही जागेवर येऊन नोंद उघडून बसली. तीन चौकटींवर कुलूप होतं. चौथी, उदाहरणवाक्यांची, उघडी होती. शिक्षक सतत नवी उदाहरणं मागत, म्हणून ती नेहमीच उघडी असे आणि तिची जबाबदारी हिच्याकडे होती. नवं उदाहरण घातलं की तपासणीचा प्रोग्रॅम ते नियमाशी ताडून बघे. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर नोंद आपोआप मंजुरीतून निघून मसुद्यात परत जाई, तिन्ही कुलपं उघडत, आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत धडा सगळ्या वर्गांच्या पडद्यांवरून उतरे.

ती पुन्हा साहेबांकडे गेली. चोरून काही करायचा तिचा स्वभाव नव्हता.

“साहेब, सांगून करतेय. मी एक उदाहरण घालणार आहे. ‘मी चित्र काढले.’”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “तपासणी ते नाकारेल.”

“नाकारू दे.”

“धडा उतरेल! शाळांचे फोन येतील मला.”

“येतील. पण वाक्य मराठी आहे की नाही? कर्मणी आहे की नाही? उदाहरणं माझ्या अखत्यारीत आहेत. वाक्य चुकीचं असेल तर तुम्ही तुमच्या हाताने काढा. मी हू की चू करणार नाही.”

तिचा आवाज चढला नव्हता. भीती मात्र वाटत होती, कारण ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळायचं तिचं वय राहिलं नव्हतं, आणि साहेबांशी ती आजवर कधी अशी बोलली नव्हती. ती जागेवर आली, चौथ्या चौकटीत वाक्य टाईप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली: ‘उदाहरण नियमाशी जुळत नाही. नोंद मसुद्यात परत.’

फोन यायला वेळ लागला नाही. एका शाळेचा, दुसऱ्या शाळेचा. साहेब प्रत्येकाला सांगत होते, “दुरुस्ती चालू आहे, आजच्या आज चढतो धडा.” तिसऱ्या फोननंतर त्यांनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आले. आता बोलणी खावी लागणार म्हणून तिने पदर सावरला.

साहेब लाल पट्टीकडे बघत राहिले. वाक्य काढायला त्यांनी हात पुढे केला, कर्सर वाक्याच्या शेवटी नेला, आणि तिथेच थांबले. जन्मभर ज्या माणसाने चुकीची वाक्यं खोडली, त्याला बरोबर वाक्य खोडवेना.

“घ्या लिहून,” ते म्हणाले. “‘कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. कर्त्याला बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांना लागत नाही.’ बसतं का चौकटीत?”

“बसवते.”

“उदाहरणांत ‘तू’ घालू नका. ‘तू चित्र काढलेस’ म्हटलं की तो ‘स’ कर्त्याचा. तिथे कर्ता आणि कर्म दोघंही क्रियापद ओढतात. तो संकर मात्र खरोखरच नववीचा.”

“नाही घालत,” ती म्हणाली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि साहेबांनी ते सांगितलं म्हणून तिला बरं वाटलं.

“आणि तपासणीचं काय? ती ‘ने’ शोधते. तिला कर्म आणि क्रियापद ताडायला शिकवावं लागेल. त्यावर बेतलेले सगळे सराव पुन्हा तपासावे लागतील. कोण तपासणार?”

“मी,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “‘मीने’ नाही ना?”

दोघंही हसली, आणि कामाला लागली. प्रोग्रॅमवाल्याला बोलावून घेतलं. त्याने कुरकुर केली, मग खुर्चीत मांडी ठोकून बसला. नियमाच्या चौकटीतला बदल दुपारी झाला, तपासणीतला संध्याकाळ होता होता. ती एकेक वाक्य घालून बघत होती: मी चेंडू फेकला. मी वही फाडली. आम्ही खिडकी उघडली. मुलीने फळा पुसला. हिरवी, हिरवी, हिरवी, हिरवी. मग तिने मुद्दाम ‘मीने चित्र काढले’ लिहिलं. तपासणीने फुली मारली, आणि खाली ओळ आली: ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. कारण सांगणारी ही ओळ तिने हट्टाने घालून घेतली होती. नुसती फुली मारून पोराला हाकलायचं नाही, कारण सांगायचं, असं ती प्रोग्रॅमवाल्याला म्हणाली होती.

नोंद मंजुरीला पाठवण्याआधी तिने उदाहरणांच्या चौकटीत शेवटी आणखी एक वाक्य घातलं. साहेबांनी ते वाचलं.

“नकारार्थी कशाला? सहावीला साधी वाक्यं देतो आपण.”

“राहू दे, साहेब. ‘चूक’ स्त्रीलिंगी, ‘केली’ स्त्रीलिंगी. नियमात बसतंय.”

“बसतंय खरं,” साहेब म्हणाले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुढे काही विचारलं नाही आणि मंजुरीचं बटण दाबलं. धडा पडद्यांवर चढला.

घरी तिने पोरीला काहीच सांगितलं नाही. पोरीनेही विचारलं नाही. वर्गशिक्षिकेला मात्र तिने फोन करून एवढं म्हटलं, “धडा बदललाय. एकदा वर्गात पुन्हा घ्याल का? पोरीला पुढे बोलावू नका. नेहमीसारखाच घ्या.” बाई म्हणाल्या, उद्याच घेईन.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीतून लवकर निघाली. कोपऱ्यावर वळली तोच समोरून पोरगी पळत येताना दिसली. दप्तर पाठीवर उड्या मारत होतं. काहीतरी झालंय या भीतीने मावशी भराभर पुढे गेली.

“मावशी!” पोरगी धापा टाकत थांबली. आणि मराठीतच बोलायला लागली. “बाईंनी धडा घेतला. तोच. नियम बदललाय! मी हात वर केला. मी सांगितलं, क्रियापद वस्तूचं ऐकतं. मी खिडकी बंद करून दाखवली, दार बंद करून दाखवलं. बाईंनी डबा दिला, मी डबाही बंद केला!”

ती भराभर बोलत होती. मावशी ऐकत होती, आणि एकाही ‘मी’च्या मागे ‘ने’ नव्हता. पोरीच्या ते लक्षातही नव्हतं.

“आणि हसलं कुणी?”

“नाही. मग बाईंनी उदाहरणं वाचायला लावली. सगळ्यांना, एका सुरात. तो मला ‘मीने’ म्हणणारा आहे ना, तोही वाचत होता. सगळा वर्ग, मावशी. शेवटचं वाक्य तर बाईंनी दोनदा म्हणून घेतलं.”

“कोणतं गं?” मावशीने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं.

पोरगी भर रस्त्यात ताठ उभी राहिली, फळ्यासमोर उभी असल्यासारखी, आणि मोठ्याने म्हणाली, “मी चूक केली नाही.”